लाइव्ह पाहिजे म्हणजे लाइव्हच पाहिजे

सोसायटीत गणपतीच्या आधी चार कार्यशाळा ठरल्या: शाडू मूर्ती, शाडू मूर्ती (लहान मुलं), मोदक आणि ढोल-ताशा. नोंदणीला गूगल फॉर्म, आणि सेक्रेटरी काकांचं म्हणणं की कुठल्या कार्यशाळेला किती जण आले हे "लाइव्ह दिसलं पाहिजे, निवडणुकीच्या निकालासारखं". मी आयटीत आहे म्हणून हे काम माझ्याकडे आलं. मी आयटीत पगाराचं सॉफ्टवेअर टेस्ट करते, पण तो तपशील कोणाला नकोच होता.

खरं तर माझ्याआधी खजिनदारांच्या मुलाने एक डॅशबोर्ड केला होता. QUERY लावून, ग्रुप बाय करून, छान रंगीत वगैरे. फक्त फॉर्ममध्ये एकाहून जास्त कार्यशाळा टिक करता येत होत्या, आणि अशी सगळी उत्तरं शीटमध्ये एकाच खान्यात स्वल्पविराम देऊन येऊन पडतात. त्या बिचाऱ्या QUERY ला काय कळणार, तिने प्रत्येक जोडीची वेगळी कार्यशाळा केली. काका दुसऱ्या दिवशी दारात, "ही 'मोदक, ढोल-ताशा' कार्यशाळा कधी ठरली? मला कोणी बोललं नाही." आणि ज्या कार्यशाळेला कोणीच नाव दिलं नव्हतं ती यादीतच नाही, कारण ग्रुप बाय शून्य दाखवत नाही, जे नाहीच त्याची ओळ कशी येणार.

मग मुलाने COUNTIF मध्ये नावाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या टाकल्या, म्हणजे खान्यात कुठेही ते नाव असलं की मोज. आता शाडू मूर्तीला ३७! जागा २५. मूर्ती शिकवणाऱ्या ताईंना फोन गेला, माती वाढवायची का, पाट पुरतील का, कोणीतरी हॉलऐवजी पार्किंग सुचवलं. मी शांतपणे शीट उघडली. "शाडू मूर्ती" हे शब्द "शाडू मूर्ती (लहान मुलं)" मध्येही आहेतच की! मोठे २३, लहान १४, दोन्ही टिक करणारं कोणी नाही. बेरीज ३७. पार्किंग वाचलं.

उपाय सोपा आहे, सुचायला मात्र चहा लागतो. कार्यशाळेच्या नावाला आणि उत्तराच्या खान्याला, दोघांनाही पुढेमागे स्वल्पविराम आणि स्पेस चिकटवायची आणि मग शोधायचं, म्हणजे अर्धवट नाव जुळतच नाही:

```
=SUMPRODUCT(--ISNUMBER(FIND(", "&A2&", ", ", "&'Form Responses 1'!C:C&", ")))
```

A2 मध्ये कार्यशाळेचं नाव, C कॉलममध्ये उत्तरं. C2:C100 असं लिहायचं नाही, नवीन नोंदी येत राहतात आणि रेंज तिथेच राहते, आकडा एका जागी अडकला की समजायचं हेच झालंय. पूर्ण कॉलम द्यायचा. आणि कार्यशाळेच्या नावातच स्वल्पविराम ठेवायचा नाही, पुढे कधी उत्तरं तोडून वेगळी करायची वेळ आली तर नावाचेच तुकडे होतात.

मग काकांचा फोन. "फॉर्म भरले ४१ जणांनी, तुझी बेरीज ६५ कशी?" कारण एक माणूस मोदकही वळतो आणि ढोलही वाजवतो, काका. शेवटी "माणसं" आणि "नोंदी" असे दोन वेगळे डबे केले, तरी रोज संध्याकाळी तोच प्रश्न.

हे सगळं परवडलं, पण शीट सगळ्यांना एडिट करता येत होती. बी विंगच्या काकूंनी आपली विंग बघायला फिल्टर लावला आणि ग्रुपवर बोंब, ए विंगची नावं उडाली! नावं तिथेच होती, नुसती लपली होती, डॅशबोर्डचा आकडा जरासुद्धा हलला नव्हता, पण तो बघतंय कोण. फिल्टर व्ह्यू वापरला तर फक्त आपल्यालाच दिसतं, हे मी तीन वेगवेगळ्या वयोगटांना समजावलं. मग डॅशबोर्डचं पान प्रोटेक्ट केलं, एडिट फक्त मला.

आणि तेवढ्यात एका उत्साही मावशींनी फॉर्ममध्ये "मोदक" चं "उकडीचे मोदक" केलं, आणि डॅशबोर्डवरही तसंच नाव पाहिजे म्हणून अडून बसल्या. जुनी उत्तरं मात्र शीटमध्ये जुन्याच नावाने राहतात ना! मी A कॉलममध्ये नाव बदललं आणि मोदक १९ वरून थेट ०. अध्यक्षांना वाटलं लोक रुसले. C कॉलममध्ये फाइंड अँड रिप्लेस मारून १९ परत आणले, आणि मावशींचा फॉर्मवरचा एडिटचा हक्क काढून घेतला. सध्या बोलत नाहीत.

शेवटचा कॉलम "शिल्लक जागा", क्षमता वजा नोंदी. एखाद्या कार्यशाळेच्या जागा संपल्या म्हणून फॉर्ममध्ये ती आपोआप बंद होत नाही, त्याला वेगळी स्क्रिप्ट किंवा अॅड-ऑन लागतं, हे मी मीटिंगमध्ये सांगितलं होतं, तेव्हा सगळे बटाटेवडे खात होते. शुक्रवारी शाडू मूर्तीसमोर -२ आलं. काकांनी विचारलं, "वजा दोन जागा म्हणजे काय गं?"

म्हटलं, "दोघं उभ्याने मूर्ती करणार."

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.