साठ वर्षांचा अनुभव, दोन लाखांचा हप्ता

बसा रे सगळे. फराळ झाला, आता आजोबांचं ज्ञान घ्या. पहिला पगार झाल्यावर पोस्टात पासबुक काढलं, त्याला साठ वर्षं होतील. तेव्हा पैसा कसा सांभाळायचा हे माझ्याकडूनच शिका.

धडा पहिला. हिशेबाची वही ठेवायची आणि उघडायची नाही.

धडा दुसरा. एफडीची मुदत संपली की एकट्याने बँकेत जायचं, तेही दुपारी, भुकेल्या पोटी. काचेच्या केबिनमधला टायवाला पोरगा ‘आजोबा, चहा घेणार?’ म्हणाला की ओळखायचं, देव भेटला. तो म्हणेल, ‘एफडीसारखंच आहे, फक्त जास्त देतं.’ कागदावर बँकेचं नाही, भलत्याच विमा कंपनीचं नाव असतं. तिकडे बघायचं नाही. हप्ते भरायची मुदत 10 वर्षं आणि पॉलिसीची 15, असे दोन आकडे दिसतात. ते छपाईची चूक समजायचे. तो सांगेल, दरसाल दोन लाख भरा, शेवटी बत्तीस लाख घ्या, बारा लाख निव्वळ फायदा! टाळी वाजवायची. चक्रवाढीने मांडलं तर हा परतावा वर्षाला जेमतेम साडेचार टक्के पडतो. पण मांडायचं कशाला? मी चाळीस वर्षं हिशेब तपासनीस होतो, मीसुद्धा नाही मांडला.

धडा तिसरा. पडताळणीचा फोन आला की प्रत्येक प्रश्नाला ‘हो’.

धडा चौथा. पॉलिसीचं पुस्तक घरी आलं की प्लास्टिकसकट कपाटात, शालींच्या खाली. हातात पडल्यापासून 30 दिवसांत ते परत केलं, तर किरकोळ कापून पैसे मिळतात. त्या महिन्यात आपण चारधामला असावं.

आणि मग काल फोन येतो! ‘सर, दुसरा हप्ता ड्यू आहे.’ दुसरा? अरे, मी एकदाच ठेवले होते दोन लाख! अठ्ठावीस हजारांच्या पेन्शनीत मी शहाऐंशीव्या वर्षापर्यंत हप्ते भरणार? आता सोडली तर भरलेल्यातला मोठा हिस्सा जातो, कारण पहिल्या हप्त्यावरच विकणाऱ्याचं कमिशन सगळ्यात जाड असतं. तो टायवाला? त्याची बदली झाली. नव्या साहेबांनी विचारलं, ‘सही तुमचीच ना?’ माझीच आहे मेल्या! बारा ठिकाणी आहे!

हसतोस काय रे? मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, माझा विमा कोण उतरवणार? जीव तुझा लावलाय त्यात. संमतीचा ओटीपी तुझ्याच मोबाइलवर आला होता आणि तू क्रिकेट बघता बघता तो मला ओरडून सांगितलास. इंजिनियर ना तू? एकदा तरी विचारलंस, आजोबा, हे कशाचं?

ऊठ. कपाटातली ती फाइल आण. शालींच्या खाली आहे. आणि टीव्ही बंद कर आधी.