आठवणीचे चार मेसेज आणि सात लिटर दूध

सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरी करायचे ठरले आणि सभासदांना आठवण देण्याचे काम तुमच्या गळ्यात पडले, तर घाबरून जाऊ नये. आठवणीच्या मेसेजचा खरा उपयोग कार्यक्रम झाल्यावर होतो. "आम्हाला कोणी कळवलेच नाही" असे कोणी म्हणाले की मोबाइल वर सरकवत "हे पाहा, चार वेळा टाकले होते" असे दाखवता आले पाहिजे. किती माणसे येणार हे त्या चार मेसेजांतून कळले की नाही, हा प्रश्न गौण आहे. आमच्या टिळकवाडीतल्या अठ्ठेचाळीस फ्लॅटच्या सोसायटीत गेल्या कोजागिरीला ही पद्धत तंतोतंत पाळली गेली. त्या अनुभवाचा लाभ बेळगाव परिसरातील सर्व सेक्रेटरींना व्हावा, एवढाच या लेखनाचा हेतू आहे.

पहिला मेसेज दहा दिवस आधी टाकावा आणि त्यात गूगल फॉर्मची लिंक द्यावी. मेसेजच्या सुरुवातीला कोजागिरीचे महत्त्व, "को जागर्ति" या शब्दांचा अर्थ, चंद्रप्रकाशाचे गुण आणि मागील वर्षाच्या देणगीदारांचे आभार असा क्रम ठेवावा. लांब मेसेज व्हॉट्सअॅप मध्येच तोडते आणि खाली Read more असे दाखवते, त्यामुळे लिंक अगदी शेवटी दिली की ती आपोआप त्या पडद्याआड जाते आणि केवळ जिज्ञासू माणसांनाच सापडते.

फॉर्ममध्ये प्रश्न एकच ठेवावा: "आपण येणार का?" घरातून किती जण येणार, हे विचारू नये, कारण ते विचारले तर उत्तर मिळण्याचा धोका असतो. फ्लॅट क्रमांकही विचारू नये. आमच्याकडे चौतीस उत्तरे आली आणि सेक्रेटरींनी चौतीस माणसे धरली. माणशी दीडशे मिलिलिटर मसाला दूध म्हणजे पाच लिटर, आटून पाऊण राहते म्हणून सात लिटर, असा अत्यंत शास्त्रशुद्ध हिशेब करून त्यांनी गवळ्याला सात लिटर सांगितले. त्या चौतिसांपैकी चार उत्तरे "येणार नाही" अशी होती. आणखी चार घरांतून नवरा आणि बायको दोघांनी वेगवेगळी उत्तरे भरलेली होती. उरली सव्वीस घरे, आणि घर म्हणजे सरासरी तीन माणसे. फॉर्म न भरता "आपलीच तर गच्ची आहे" म्हणून आलेले धरून प्रत्यक्षात नव्वद जण जमले, म्हणजे त्याच हिशेबाने अठरा लिटर दूध लागले असते. हिशेब चुकलाच नव्हता. त्यात घातलेला आकडा माणसांचा नसून उत्तरांचा होता, इतकेच.

लिंक कोणती द्यावी, याबद्दलही दोन शब्द. फॉर्म तयार केल्यावर ब्राउझरच्या पट्टीत जो पत्ता दिसतो तो उचलून थेट ग्रुपवर चिकटवावा. त्याच्या शेवटी edit हा शब्द असतो, आणि सभासदांसाठीच्या पत्त्याच्या शेवटी viewform असतो, असल्या बारकाव्यात शिरू नये. पहिला पत्ता दिल्यास सभासदांना फॉर्म भरण्याऐवजी संपादनाची परवानगी मागण्याचा पडदा दिसतो आणि तुमच्या ईमेलमध्ये परवानगीच्या विनंत्यांचा पाऊस पडतो. परवानगी उदारपणे देऊन टाकली, तर तिसऱ्या मजल्यावरचे काका फॉर्ममध्ये "दुधात केशर किती?" असा नवा प्रश्न घालतात, आणि दुर्दैवाने त्यालाच सर्वाधिक उत्तरे येतात.

फॉर्मची मुदत गवळ्याच्या मुदतीनंतरची असावी, हा या शास्त्राचा गाभा होय. गवळ्याला आकडा दोन दिवस आधी लागतो, म्हणजे गुरुवारच्या कोजागिरीसाठी मंगळवारी संध्याकाळी. म्हणून फॉर्म गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत उघडा ठेवावा. शेवटची उत्तरे येत राहिली की आपण लोकशाहीवादी ठरतो, आणि त्या उत्तरांचे काही करता येत नसल्यामुळे कामही वाढत नाही.

दुसरा मेसेज तीन दिवस आधी जातो. तो पहिल्याचीच नक्कल असल्याने त्याविषयी सांगण्यासारखे काही नाही. तिसरा मात्र जपून लिहावा. तो बुधवारी रात्री पावणेबाराला टाकावा आणि त्यात वार व तारीख न घालता "उद्या रात्री आठ वाजता" एवढेच लिहावे. निम्मी सोसायटी तो गुरुवारी सकाळी चहा पिताना वाचते आणि शुक्रवार मोकळा ठेवते. हा परिणाम मुद्दाम साधू म्हटले तर इतका साधत नाही.

आपल्या भागात आणखी एक सोय आहे, ती पुण्यामुंबईच्या सेक्रेटरींना मिळत नाही. येथे मेसेज मराठीत आणि कन्नडमध्ये असा दोनदा लिहिला जातो आणि तो तसाच लिहायला हवा, कारण जिन्यात भेटणारी अर्धी माणसे घरी कन्नड बोलतात. आमच्याकडे कार्यक्रम मुळात सातला होता, मग भजनी मंडळासाठी आठला नेला गेला. मराठी मजकुरात आठ झाले आणि कन्नड मजकुरात "एळु गंटे" तसेच राहिले. चूक चाळीस मिनिटांनी लक्षात आली. पाठवलेला मेसेज दुरुस्त करण्याची मुभा व्हॉट्सअॅप पंधराच मिनिटे देते, म्हणून "सुधारित" असा नवा मेसेज पडला, पण तोवर जुना तीन उपग्रुपांत पुढे गेला होता. परिणामी कन्नड कुटुंबे सातला येऊन सतरंज्या अंथरून बसली आणि मराठी कुटुंबे आठला आली, तेव्हा दूध अर्धे संपले होते. सीमाप्रश्नाची झळ दुधापर्यंत पोहोचल्याचे हे पहिलेच उदाहरण असावे, आणि त्यात दोष कोणत्याच भाषेचा नव्हता.

आता कार्यक्रमाच्या दिवसाचा शेवटचा मेसेज. या दिवशी माणसाला फक्त किती वाजता, कोणत्या जिन्याने आणि सोबत काय आणायचे, एवढेच हवे असते. तीन ओळींचा असा मेसेज दुपारी चारच्या सुमारास गेला तर तो वाचला जाईल, म्हणून तो पहाटे सहाला पाठवावा. सुप्रभातच्या फुलांखाली तो आठ वाजेपर्यंत गाडला जातो. ग्रुपमध्ये मेसेज वर पिन करून ठेवण्याची सोय असते, तिच्याकडे दुर्लक्ष करावे. लिफ्ट दुरुस्तीसाठी बंद आहे आणि पेला घरूनच आणायचा आहे, या दोन गोष्टी वगळाव्यात. फॉर्मची लिंक मात्र पुन्हा ठळक अक्षरांत द्यावी आणि "आजच नोंदणी करा" असे लिहावे. दूध गवळ्याने केव्हाच मोजलेले असते, पण नोंदणीची सवय सुटता कामा नये.

आमच्या सेक्रेटरींनी रात्री साडेनऊला ग्रुपवर "दूध संपले आहे, कृपया घरून साखर व दूध घेऊन यावे" असा पाचवा मेसेज टाकला, तो या मालिकेत धरलेला नाही. फॉर्म बंद करायचे कोणाच्याच लक्षात राहिले नाही. शुक्रवारी सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी त्यात पस्तिसावे उत्तर आले: "येणार."