डेप्थ प्री-पास किती वाचवतो? आधी मोजा, मग लावा

«आधी सगळ्या वस्तूंची फक्त डेप्थ काढून घ्या. रंग लिहायचा नसल्यामुळे तो पास जवळजवळ फुकट पडतो. नंतर प्रत्येक पिक्सेल एकदाच शेड होतो, म्हणजे एकावर एक चार थर असलेले दृश्य चौपट स्वस्त होते. मोबाइलवर तर हे केलेच पाहिजे.»

हा सल्ला नेहमी ऐकू येतो. त्यातला चौपटीचा हिशेब आधी तपासतो, कारण बाकीचे मुद्दे त्याच्याच आधारावर उभे आहेत. या हिशेबात असे धरले आहे की प्री-पास नसेल तर चारही थरांवर फ्रॅगमेंट शेडर चालतो. प्रत्यक्षात आजचे जीपीयू, शेडरने आडकाठी केली नसेल तर, डेप्थची तपासणी शेडर चालवण्याच्या आधीच उरकतात. एखाद्या पिक्सेलवर जवळचा पृष्ठभाग अगोदर काढून झाला असेल, तर मागचा पृष्ठभाग शेडरपर्यंत पोहोचतच नाही. म्हणजे त्या पिक्सेलवर तोवर आलेल्या सर्वांपेक्षा जो थर जवळचा असतो, तेवढाच शेड होतो. चार थर अगदी यादृच्छिक क्रमाने आले, तर पहिला हमखास शेड होतो, दुसरा पहिल्यापेक्षा जवळचा असण्याची शक्यता १/२, तिसरा आधीच्या दोघांपेक्षा जवळचा असण्याची १/३ आणि चौथ्याची १/४; सगळ्यांची बेरीज सुमारे २.०८ होते. थर आठ केले तरी सरासरी २.७२ च्या पुढे जात नाही. चौपट खर्च केव्हा येतो? प्रत्येक पिक्सेलवर वस्तू मागून पुढे अशा नेमक्या उलट्या क्रमाने काढल्या तरच, आणि अपारदर्शक वस्तू मुद्दाम तशा कोणी काढत नाही. उलट बहुतेक इंजिने त्या ढोबळमानाने पुढून मागे लावून घेतात.

एक उदाहरण करून पाहू. पडदा १९२० × १०८० चा, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेलांचा आहे, आणि तो पूर्ण एकदा शेड करायला ३ मिलिसेकंद लागतात असे समजा. यादृच्छिक क्रमाने काढल्यास शेडिंगला सुमारे ६.२ मिलिसेकंद लागतील. प्री-पासला ०.९ मिलिसेकंद लागत असतील, तर तो लावून एकूण ३.९ होतील; हा फायदा भरघोस आहे. आता तेच दृश्य पुढून मागे लावून काढले आणि सरासरी २.०८ वरून १.३ वर आली, तर प्री-पासशिवायही १.३ × ३ म्हणजे ३.९ मिलिसेकंदच लागतात. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, आणि प्री-पासच्या वाटेवर ड्रॉ कॉल मात्र दुप्पट झालेले असतात. हे आकडे मानलेले आहेत, पण तुलना याच रीतीने करावी लागते: वाचणारे जास्तीचे थर गुणिले एका थराची किंमत, आणि समोर प्री-पासचा स्वतःचा खर्च.

ही सरासरी अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. ओपनजीएलमध्ये डेप्थची तपासणी पार केलेले नमुने मोजता येतात.

```c
glBeginQuery(GL_SAMPLES_PASSED, q);
drawOpaque();
glEndQuery(GL_SAMPLES_PASSED);
```

ही मोजणी एकदा प्री-पासशिवाय करावी, आणि एकदा प्री-पासनंतर डेप्थची तुलना `GL_EQUAL` ठेवून करावी. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागले की आपल्या दृश्यातली खरी सरासरी हाती येते. ती १.२ च्या आसपास असेल, तर वाचण्यासारखे फारसे उरलेलेच नाही. त्याच्याही आधी एक साधी परीक्षा घ्यावी: रेझोल्यूशन दोन्ही बाजूंनी निम्मे करावे, आणि फ्रेमचा वेळ जवळपास हलला नाही, तर अडचण पिक्सेल भरण्यात नाही असे समजावे, तिथे प्री-पास लावला तर वेळ वाढण्याचीच शक्यता जास्त.

«फुकट» हा शब्दही टिकत नाही. रंग लिहिला नाही तरी प्रत्येक शिरोबिंदूवर व्हर्टेक्स शेडर दुसऱ्यांदा चालतो, हाडांच्या साहाय्याने हलणाऱ्या पात्राचे सगळे गणित दुसऱ्यांदा होते, प्रत्येक त्रिकोण पुन्हा रास्टर होतो आणि सीपीयूला ड्रॉ कॉल पुन्हा पाठवावे लागतात. स्थानांचा बफर वेगळा ठेवला तर वाचनाचा भार हलका होतो, पण नाहीसा होत नाही.

पिक्सेल «एकदाच» शेड होतो हेही अर्धसत्य आहे. जीपीयू शेडिंग २ × २ पिक्सेलांच्या चौकटीत करतो, कारण टेक्स्चरची पातळी निवडायला शेजारच्या पिक्सेलांशी फरक काढावा लागतो. दोन त्रिकोणांची सामाईक कडा एखाद्या चौकटीतून गेली, तर ती चौकट दोन्ही त्रिकोणांसाठी एकेकदा चालते आणि काही पिक्सेलांचे काम वाया जाते. हे दोन्ही त्रिकोण दिसणारेच असल्यामुळे डेप्थ त्यांतल्या कोणालाच वगळू शकत नाही. त्रिकोण पिक्सेलाएवढे बारीक असतील, तर ही उधळपट्टी मोठी होते, आणि तिच्यावर उपाय म्हणून दूरच्या वस्तूंचे जाळे विरळ करावे लागते.

मोबाइलबद्दलचा आग्रह तर वस्तुस्थितीच्या उलट आहे. पॉवरव्हीआर आणि ॲपलचे जीपीयू टाइलमधली सगळी भूमिती आधी पाहून अपारदर्शक पृष्ठभागांपैकी झाकलेले भाग स्वतःच काढून टाकतात. मालीच्या बऱ्याच पिढ्यांत मागचा फ्रॅगमेंट रांगेत असतानाच रद्द करण्याची सोय आहे, आणि ॲड्रेनो कमी रेझोल्यूशनची डेप्थ आधी तयार करून तिच्या आधारे चाळणी लावतो. जे काम हार्डवेअर करतेच, त्याच्यासाठी भूमिती दुसऱ्यांदा पाठवली, तर बँडविड्थ आणि बॅटरी तेवढी जास्त खर्च होते.

हा सल्ला मुळात निराधार नव्हता. २००४ च्या डूम ३ मध्ये प्रत्येक दिव्यासाठी दृश्य वेगळे काढले जाई, आणि स्टेन्सिलच्या सावल्यांना डेप्थ आधीच पूर्ण भरलेली लागे. तिथे प्री-पास ही गरज होती, काटकसर नंतरची.

आजही एका ठिकाणी मी तो डेस्कटॉपवर सहसा लावतो: झाडांची पाने, जाळ्या, कुंपणे. यांच्या शेडरमध्ये `discard` असतो, त्यामुळे फ्रॅगमेंट उरणार की नाही हे शेडर चालल्याशिवाय ठरत नाही आणि डेप्थ लिहिणे मागे ढकलावे लागते. अनेक जीपीयूंवर त्यासोबत आगाऊ तपासणीचा फायदाही कमी होतो. प्री-पासमध्ये फक्त अल्फा वाचून `discard` करणारा छोटा शेडर चालवावा, आणि मुख्य पासमध्ये `discard` काढून टाकून डेप्थ गोठवावी:

```c
glDepthMask(GL_FALSE);
glDepthFunc(GL_EQUAL);
```

मुख्य पासचा महाग शेडर आता फक्त दिसणाऱ्या पानांवर चालतो. मात्र दोन्ही पासमधले स्थान शेवटच्या बिटपर्यंत जुळले पाहिजे, म्हणून दोन्ही व्हर्टेक्स शेडरमध्ये `invariant gl_Position;` लिहून स्थानाचे सूत्रही अक्षरशः तेच ठेवावे. वाऱ्याने पाने हलवणारा कोड एका शेडरमध्ये बदलला आणि दुसऱ्यात राहून गेला, तर कॅमेरा हलताना झाडावर पार्श्वभूमीच्या रंगाचे ठिपके लुकलुकताना दिसतात. आणि प्री-पासच्याच शेडरमध्ये घाईने `layout(early_fragment_tests) in;` घातले, तर `discard` होण्याआधीच डेप्थ लिहिली जाते: पानांच्या मोकळ्या कोपऱ्यांतही डेप्थ भरते, मुख्य पास तिथेही रंग लिहितो आणि झाडामागची भिंत पानांऐवजी भरीव चौकोनांनी झाकलेली दिसते.