हजेरी कमी पडलीय? मस्टरचा फोटो आहे ना, मग काळजी कसली

सप्टेंबरचा तिसरा आठवडा उजाडला की क्लासच्या ग्रुपवर एक फोटो येतो. सीआरने सरांच्या टेबलावरचं मस्टर घाईघाईत उघडून काढलेला, तिरका, वरच्या तारखा अर्ध्या कापलेल्या, डाव्या कोपऱ्यात अंगठा आणि पानाच्या घडीत नेमके 35 ते 38 रोल नंबर गडप. खाली मेसेज, "डिफॉल्टर लिस्ट शुक्रवारी लागणार आहे, आपापलं बघून घ्या". तुमचा रोल नंबर 37. अभिनंदन, आता तुम्ही स्वतःची हजेरी स्वतः मोजणार आहात, आणि स्वतःचं स्वतः मोजायचं म्हटलं की आकडा कधी कमी येत नाही हा आपला सगळ्यांचा अनुभव आहे.

पहिली गोष्ट, फोटो सरळ काढायला सांगू नका. सरळ फोटोत आपली ओळ आपलीच राहते आणि त्यात मजा नाही. तिरक्या फोटोत डावीकडे तुमच्या नावापासून बोट फिरवत निघालात की पंधराव्या कॉलमपर्यंत तुम्ही आरामात 36 नंबरच्या ओळीत पोचता, आणि 36 नंबर म्हणजे ती पहिल्या बेंचवरची मुलगी जी तापातसुद्धा लेक्चरला येते. तिची अर्धी हजेरी तुमची, बघा किती सोपं. फक्त एक अडचण आहे, आमच्याकडचे जुने सर हजर असलेल्याला नुसती टिक करत नाहीत, आकडा टाकतात. पहिल्यांदा आलात 1, दुसऱ्यांदा 2, मग गैरहजर तर इंग्रजी ए, पुन्हा आलात की 3. म्हणजे रांगेत आकडे एकापाठोपाठ एक चढतच जायला हवेत. तुम्ही बोट फिरवताना 7 नंतर एकदम 12 आला तर समजायचं की ओळ घसरली, 12 तिचा आहे. पण हे कोणी बघत नाही, तुम्हीही बघू नका.

दुसरी गोष्ट सरांच्या अक्षराची. आमच्या सरांचा ए वरून उघडा असतो, दोन रेघा आणि मध्ये आडवी काठी, हुबेहूब 4. यात तुमचं भाग्य आहे. ओळ बघत जा, 9, 10, 11, आणि मग 4, तुम्ही म्हणणार सर चुकले असतील पण आकडा आहे म्हणजे आपण हजर. (11 नंतर 4 कसा येईल हो, तो ए आहे. खरा 4 फक्त 3 आणि 5 च्या मधे असतो आणि आयुष्यात एकदाच येतो.) मोबाईलवर शीट उघडून B कॉलमपासून पहिल्या ओळीत तारखा आणि दुसऱ्या ओळीत आपले खाने टाईप करणाऱ्यांसाठी तर ही पर्वणीच, कारण खालचा फॉर्म्युला फक्त आकडे मोजतो आणि ए सोडून देतो, म्हणजे तुम्ही ए ला 4 समजून टाईप केलंत की तो बिचारा मुकाट्याने तुम्हाला हजर धरतो.

```
=COUNT(B2:AO2)
=3*40-4*COUNT(B2:AO2)
```

दुसरी ओळ कशाची ते पुढे सांगतो. पहिल्या ओळीचं उत्तर आणि मस्टरमधला तुमचा शेवटचा आकडा हे दोन्ही सारखे यायला पाहिजेत. नाही आले तर कुठेतरी ए चा 4 झालाय, परत जाऊन शोधायला लागतं. अर्थात उत्तर जास्त येत असेल तर कशाला शोधता.

आता बेरीज. तीन पानं आहेत, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. जुलैत 14 कॉलम आणि तुमचा शेवटचा आकडा 9. ऑगस्टच्या पानावर 16 कॉलम आहेत पण एकावर उभी रेघ मारून सुट्टी लिहिलंय, तो मोजायचा नाही, म्हणजे 15, आणि शेवटचा आकडा 17. सप्टेंबरात आत्तापर्यंत 11 लेक्चर, शेवटचा आकडा 23. तुम्ही काय करणार, 9 अधिक 17 अधिक 23, झाले 49, एकूण लेक्चर 40, म्हणजे साडेबावीस टक्के वरचे! म्हणजे हजेरी 122 टक्क्यांच्या पुढे. हे बघून हरखून जाऊ नका आणि स्क्रीनशॉट घरी पाठवू नका. सर महिना बदलला तरी आकडा तसाच पुढे चालवतात, पान उलटलं की 1 पासून सुरू करत नाहीत. म्हणून ऑगस्टच्या पानावरचा तुमचा पहिला आकडा बघायचा असतो, तो 10 आहे म्हणजे आकडा चालू आहे, तो 1 असता तर पानांची बेरीज करायची. इथे शेवटचा 23 हेच एकूण. 40 पैकी 23, साडेसत्तावन्न टक्के. पाणी प्या.

यावर एक जुना उपाय आहे तो म्हणजे महिन्यांच्या टक्क्यांची सरासरी काढणे. माझ्या बाजूच्या बेंचवरच्याने हे केलं होतं, त्याचे जुलैत 10 पैकी 10, म्हणजे शंभर टक्के, आणि ऑगस्टमध्ये 24 पैकी 12, म्हणजे पन्नास, दोघांची सरासरी बरोबर पंचाहत्तर, लिस्टबाहेर राहायला लागतात नेमके तेवढेच. पोरगं खुश, वडापाव दिला त्याने सगळ्यांना. लिस्टमध्ये नाव आलं तेव्हा ऑफिसात जाऊन भांडला, तिथल्या मॅडमनी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला, 34 पैकी 22, 64.7 टक्के. महिन्यात लेक्चर सारखी नसतात ना, दहा लेक्चरच्या जुलैला चोवीस लेक्चरच्या ऑगस्टइतकाच मान द्यायचा म्हणजे छोट्या वाटीतली आमटी आणि पातेल्यातली आमटी सारखीच म्हणण्यासारखं आहे. वडापाव मात्र आम्ही परत केला नाही.

बरं, आता तुमची तूट. किमान 75 टक्के लागतात आणि तुम्ही म्हणता साडेसतराच टक्के तर कमी आहेत, 40 चे साडेसतरा टक्के म्हणजे 7 लेक्चर, पुढच्या दोन आठवड्यात भरून काढू. किती गोड. पण तुम्ही पुढची 7 लेक्चर बसलात की एकूण लेक्चरसुद्धा 7 ने वाढतात, 47 पैकी 30, अजून 63.8 वरच लटकलेले. 75 च्या नियमात हजर आणि गैरहजर यांचं नातं तीनास एक असं आहे, एका ए ला तीन हजेऱ्या लागतात. तुमचे ए किती, 40 वजा 23, 17. त्यांना सांभाळायला 51 हजेऱ्या हव्यात, आहेत 23, म्हणजे सलग 28 लेक्चर न चुकवता बसलात तर 68 पैकी 51, काठावर पंचाहत्तर. वरच्या फॉर्म्युल्याची दुसरी ओळ हेच 28 काढून देते. म्हणजे त्या दिवशी पाऊस होता म्हणून जे लेक्चर मारलं ना त्याची किंमत एक लेक्चर नव्हती, तीन होती. (लॉ वाल्यांना बार कौन्सिलच्या नियमात 70 आहे, त्यांना एका ए ला सव्वादोनच्या थोडं वर पुरतं, म्हणून ते निवांत दिसतात.)

आता भरपाईचा प्लॅन. यासाठी पेनाचे चार रंग आणि नवीन वही घ्या, निम्मा प्लॅन तिथेच होतो. मग चुकून कॅलेंडर उघडा. टर्म संपायला सहा आठवडे, आठवड्याला या विषयाची 4 लेक्चर, 24, त्यातून दसरा, 2 ऑक्टोबर आणि इंटर्नलचे दोन दिवस गेले, उरली 20. लागतात 28. म्हणजे उद्यापासून तुम्ही 36 नंबर झालात तरी 60 पैकी 43, 71.67 टक्के, आणि 60 च्या पाऊण म्हणजे 45 हवेत. दोन कमी. इथे खूप जण वही मिटतात आणि म्हणतात आता जाऊन तरी काय उपयोग, जे तर्काला धरून आहे आणि त्यानेच 71 चे 38 होतात. 71 वाल्याचा अर्ज प्राचार्य निदान वाचतात.

पण थांबा, ऑगस्टमध्ये तुमचे तीन ए सलग आहेत, त्या दिवसांत तुम्ही एनएसएसच्या कामाला गेला होता, कॉलेजनेच पाठवलं होतं, आणि पत्र अजून बॅगेच्या तळाशी डब्याच्या तेलात मुरतंय. ते दिलंत तर दोन गोष्टी होऊ शकतात. एक, तीन ए हजर धरले, मग 40 पैकी 26, 65 टक्के, शेवटी 60 मध्ये 45 लागतात म्हणजे उरलेल्या 20 पैकी 19 बसायचं, एक बंक शिल्लक. दोन, ते तीन दिवस हिशोबातूनच वगळले, मग 37 पैकी 23, शेवटी एकूण 57, त्याचे पाऊण 42.75, पावणा माणूस वर्गात बसत नाही म्हणून 43, म्हणजे 20 पैकी 20, बंक शून्य. पत्र तेच, दिवस तेच, फक्त ऑफिसात वर जोडतात की खालून काढतात एवढ्यावर तुमचा एक दिवस अडकलाय. म्हणून हे आधी विचारायचं आणि मग मित्रांना ट्रेकला हो म्हणायचं. तुम्ही अर्थातच आधी हो म्हटलंय.

मेडिकलचं सांगायचं राहिलं. सर्टिफिकेट आणलंत म्हणजे टक्के वाढले असं नसतं, बहुतेक ठिकाणी ते तूट माफ करायच्या अर्जाला जोडायचं असतं आणि माफी देणं न देणं त्यांच्या हातात. शिवाय सर्टिफिकेटवर ज्या तारखांना तुम्हाला टायफॉइड आहे त्यातल्याच एका तारखेला मस्टरमध्ये 14 आकडा दिसला तर अवघड होतं, ताप आला की माणूस जास्त अभ्यासू होतो असं सांगून बघा.

तर आज सकाळी तुम्ही हे सगळं ऐकून पत्र घेऊन ऑफिसला गेलात. मॅडम म्हणाल्या, "दोन झेरॉक्स आणि अर्ज, प्राचार्यांच्या नावाने, विषय लिहून". त्यांना वर जोडता की खालून काढता हे विचारलंत तर त्या म्हणाल्या "आधी झेरॉक्स आणा रे". झेरॉक्सच्या दुकानात सबमिशनवाल्यांची रांग गेटपर्यंत, तुमच्या पुढे एकाची अख्खी जर्नल, आणि तुम्ही उभ्याउभ्या मोबाईलवर परत एकदा 3 गुणिले 40 वजा 4 गुणिले 26 करून बघत होता, बरोबर 16 येतंय, 16 सलग बसलो की 56 पैकी 42, पंचाहत्तर, मग उरलेल्या चारात एक मारता येतो, सगळं जुळतंय. तेवढ्यात वर अकराचं लेक्चर सुरू झालं होतं, एक्केचाळीसावं. दुपारी सीआरने नवीन फोटो टाकलाय. तुमच्या ओळीत 23 च्या पुढे सरांनी काहीतरी काढलंय, अगदी 4 सारखं दिसतंय.