गरम नारळपाणी, कॅन्सर आणि टाटाचं नाव

आमच्या बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो मेसेज या आठवड्यात पुन्हा फिरला. गरम पाण्यात नारळाचे दोन-तीन तुकडे टाका, रोज प्या, कॅन्सरच्या पेशी मरतात. वर टाटा मेमोरियलच्या डॉ. राजेंद्र बडवे यांचं नाव आणि 'दहा जणांना पाठवा, एक जीव वाचेल' अशी विनंती. परळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे टाटाचं नाव दिसलं की इथे कुणी पुढे विचारतच नाही.

म्हणून आधी नावाचं बोलते. 2019 मध्येच टाटा हॉस्पिटलने जाहीर खुलासा केला होता की डॉ. बडवे असं काही बोललेले नाहीत आणि या दाव्याला वैज्ञानिक आधार नाही. तरीही मेसेज चालूच आहे. कुठलाही असा मेसेज आला की त्यातलं एक सलग वाक्य उचलून गुगलवर टाका. याच मजकुराचे लिंबूवाले आणि अननसवाले अवतार सापडतील. फळ बदललं, डॉक्टर बदलले, पण 'फक्त घातक पेशी मारतं, निरोगी पेशींना धक्का लावत नाही' हे वाक्य तसंच. तीन वेगळ्या फळांवर खरंच अभ्यास झाला असता, तर निष्कर्ष शब्दाला शब्द सारखे आले नसते.

आता त्यातलं 'अल्कलाइन पाणी'. मेसेज म्हणतो, या पाण्याने शरीर अल्कलाइन होतं आणि कॅन्सर तिथे टिकत नाही. आपल्या रक्ताचा पीएच, म्हणजे ते किती आम्ल किंवा अल्कलाइन आहे याचा आकडा, 7.35 ते 7.45 या अरुंद पट्ट्यात असतो आणि फुप्फुसं व किडन्या तो तिथेच धरून ठेवतात. जे पितो ते आधी पोटातल्या तीव्र आम्लात पडतं. गाठीच्या आसपास आम्लता जास्त असते हे खरं, पण ती गाठीतल्या पेशींनीच तयार केलेली असते. नारळ खाऊन ती बदलत नाही.

'फक्त घातक पेशी मारतं' हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. मी फार्मसी शिकवते आणि दरवर्षी वर्गात सदाफुलीचं उदाहरण देते. मुंबईत जिच्या कुंड्या गॅलरीगॅलरीत दिसतात, तीच. 1950 च्या दशकात कॅनडातल्या संशोधकांनी तिच्या पानांचा अर्क मधुमेहासाठी उंदरांना देऊन पाहिला. साखर उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या. त्या धाग्यावरून पुढे विनब्लास्टिन आणि विनक्रिस्टिन ही कॅन्सरची औषधं आली. विनक्रिस्टिन आजही लहान मुलांच्या ल्युकेमियात वापरतात. पण पानात ते इतकं नाममात्र असतं की अगदी थोडं औषध काढायला ढीगभर पाला लागतो, डोस शरीराच्या आकारमानावरून मोजतात आणि ते फक्त शिरेतून देतात. जास्त झालं तर हातापायांच्या नसा बधिर होतात. इतकं तावून सुलाखून निघालेलं औषधही निरोगी पेशींना सोडत नाही. कंपन्या झाडपाला दडपून ठेवतात असं ज्यांना वाटतं, त्यांनीही सदाफुली आठवावी. झाडात गुण सापडला, तेव्हा कंपनीनेच औषध बाजारात आणलं.

'प्यायलं तर बिघडलं काय?' असं आमच्या मजल्यावरच्या काकूंनी मला विचारलं. त्यांच्या भाचीची केमो चालू आहे, म्हणून त्यांना नीट सांगितलं. मेसेज वाचून माणूस शेवटी शहाळ्याचंच पाणी गरम करतो. त्याच्या एका ग्लासात पाचशे-सहाशे मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे केळ्यापेक्षा जास्त. धडधाकट माणसाच्या किडन्या ते सहज बाहेर टाकतात. पण सिस्प्लॅटिनसारख्या काही केमो औषधांनी किडन्यांवर ताण येतो. अशा वेळी पोटॅशियम रक्तात साठलं तर हृदयाचे ठोके बिघडू शकतात, आणि आधी काही जाणवेलच असं नाही. उलट, उलट्या-जुलाब होत असतील तर पोटॅशियम कमीही झालेलं असतं आणि तेव्हा डॉक्टर स्वतःच शहाळं सुचवू शकतात. कुठल्या पेशंटला काय हे ताज्या रक्ततपासणीतल्या, किडन्यांचं काम दाखवणाऱ्या क्रिएटिनिनच्या आणि पोटॅशियमच्या आकड्यांवरून ठरतं. म्हणून भाचीने पुढच्या सायकलला जाताना डॉक्टरांना किंवा हॉस्पिटलच्या डाएटिशियनना विचारावं: 'माझ्या रिपोर्टप्रमाणे शहाळं चालेल का, आणि किती?'

माझी खरी भीती वेगळी आहे. गाठ हाताला लागते, बायोप्सीची धास्ती वाटते, आणि 'दोन महिने हे करून बघू' असं घरात ठरतं. 2018 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उपचार टाळून फक्त पर्यायी उपाय करणाऱ्या कॅन्सर पेशंट्समध्ये मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या अडीच पट निघाला. स्तनांच्या कॅन्सरमध्ये तो पाच पटींहून जास्त होता. ही माणसं बरं होऊ शकणाऱ्या टप्प्यावरच निदान झालेली होती.

ग्रुपवर मी टाटाच्या खुलाशाची बातमी टाकली आणि मेसेज पाठवणाऱ्या दादांना स्वतंत्र फोन केला, चारचौघांत त्यांचा अपमान होऊ नये म्हणून. त्यांनी मेसेज काढला. बाकीच्या ज्या ग्रुपांवर पाठवला होता, तिथेही खुलासा टाकतो म्हणाले.