‘सर्व’ पुसले असे लिहिण्याआधी

ग्राहकाने आपली माहिती पुसायला सांगितल्यास काय उत्तर द्यावे, यावरच्या एका लेखात व्यापाऱ्यांना सल्ला आहे: ‘विनंती आल्यावर, आपली सर्व माहिती पुसली आहे, एवढे एका ओळीत कळवणे पुरेसे आहे.’

मी जळगावात एका सराफी पेढीचे हिशेब पाहतो आणि असे उत्तर आम्हांला देताच येणार नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचे कलम १२ ग्राहकाला माहिती पुसून मागण्याचा हक्क देते, पण दुसऱ्या कायद्याने जी ठेवणे भाग आहे ती त्यातून वगळते. जीएसटी कायद्यानुसार बिले वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात. अमळनेरच्या एका ग्राहकाने २०२३-२४ मध्ये दागिने घेतले असतील, तर त्या वर्षाची अंतिम तारीख ३१ डिसेंबर २०२४ असल्याने ते बिल, त्यावरील नाव-पत्त्यासह, डिसेंबर २०३० अखेरपर्यंत ठेवावेच लागेल. म्हणून उत्तरात जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस आणि जाहिरातीच्या यादीतला मोबाइल क्रमांक पुसल्याचे सांगावे, आणि बिल कोणत्या कायद्याने व कधीपर्यंत राहील हेही स्पष्ट लिहावे.

त्या लेखात न आलेली, पण माझ्या मते अधिक महत्त्वाची बाब म्हणजे संदेश पाठवणाऱ्या एजन्सीकडे दिलेली यादी. आपल्या संगणकातून क्रमांक गेला तरी तिथे तो राहतो आणि आखाजीला त्याच ग्राहकाला सोन्याच्या सवलतीचा संदेश जातो. एजन्सीने क्रमांक काढल्याचे लेखी कळवल्याशिवाय ग्राहकाला अंतिम उत्तर पाठवू नये.