जाड दोरी म्हणजे मोठा आवाज? मुळीच नाही

"कपाच्या फोनला दोरी जितकी जाड, तितका आवाज मोठा. सगळ्यात मोठा आवाज धातूच्या तारेतून येतो, कारण धातूत आवाज सगळ्यात वेगाने जातो. तिसरीच्या प्रकल्पात मुलांनी हेच लिहावं."

आधी वेगाचं बघू. हवेत आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो, तांब्याच्या तारेत त्याच्या दहापटीहून जास्त. पण 10 मीटरच्या व्हरांड्यात हवेतूनही त्याला पोचायला सेकंदाचा तिसावा भागच लागतो. तारेमुळे आवाज लवकर पोचतो, तेवढ्याने तो मोठा होत नाही. तार वाईट असते असं मी म्हणत नाही. ताणलेल्या तारेतून आवाज लांबवर नेल्याचं रॉबर्ट हूकने 1665 साली लिहून ठेवलंय. फक्त तार बारीक हवी, आणि तिला कुठे मोड पडलेली नको.

जाडीचं तर उलटच आहे. आपण बोलतो तेव्हा कपाचा तळ थरथरतो आणि दोऱ्याला मागेपुढे ओढतो. कागदाचा तो हलका तळ जड सुतळीला काय हलवणार? शिवाय सुतळीचे आणि लोकरीचे तंतू सैल असतात, ते एकमेकांवर घासतात आणि थरथर वाटेतच जिरते. म्हणून शिवणाचा दोरा किंवा गळाचा तंगूस सहसा सुतळीला मागे टाकतो.

मग काही मुलांना सुतळीतूनही मोठा आवाज कसा येतो? आमच्या घरी लेकीने सुतळी, लोकर, दोरा आणि तंगूस असे चार फोन केले. पहिल्या फेरीत चारही सारखेच निघाले. तिला म्हटलं, आता दोरा ढिला सोड आणि ऐक. तरी शब्द न् शब्द कळला! खोली जेमतेम 4 मीटरची, भाऊ मोठ्याने बोलत होता. तिने ऐकलं ते हवेतूनच. ढिल्या दोऱ्यातून आवाज जवळजवळ जात नाही, त्यामुळे ही चाचणी आधी करायचीच. ढिल्यावर ऐकू आलं तर अंतर वाढवा नाहीतर आवाज कमी करा.

दुसरी गोची बोलणाऱ्याची. समोरच्याला ऐकू जात नाहीये असं दिसलं की मूल नकळत आवाज चढवतं, आणि लोकरीला फुकटचे गुण मिळतात. आम्ही भावाऐवजी जुनं टिकटिकणारं घड्याळ कपात धरलं आणि व्हरांड्यात गेलो. तंगुसातून टिकटिक स्पष्ट आली, दोऱ्यातून जरा कमी, सुतळीतून पुसट. लोकरीतून काहीच नाही. ती ताणली की रबरासारखी लांबते आणि धड ताठ होत नाही.

कप मात्र चारही वेळा सारखेच घ्या, आणि धरताना बोट तळाला किंवा दोऱ्याला लागू देऊ नका. गाठ तळातून निसटत असेल तर आतून काडीपेटीच्या काडीचा तुकडा बांधा. भोक फाटून मोठं झालं की तो कप बाजूला ठेवून ती नोंद पुन्हा घ्या.